फीत कापण्याआधीची तीन मिनिटं

छोटा दवाखाना उघडताना मालक सगळ्या गोष्टींची तयारी करतो. पाटी किती लांब, तपासणीचं टेबल खिडकीकडे की भिंतीकडे, वेटिंगच्या खुर्च्या निळ्या की करड्या, यावर आठवडेच्या आठवडे जातात. भाषण मात्र उद्घाटनाच्या दिवशी आंघोळ करताना सुचेल, असं त्यानं धरलेलं असतं. तसं ते सुचतंही, पण टॉवेल वाळेपर्यंत तेही वाळून जातं.

मग माइक हातात येतो आणि मालकाच्या तोंडून पहिलं वाक्य निघतं, "मला बोलता येत नाही." हे वाक्य सिद्ध करायला त्याला पुढची अठरा मिनिटं लागतात.

या अठरा मिनिटांवर माझा डोळा आहे. दवाखान्याची बाहेरची खोली असते दहा-बारा खुर्च्यांची आणि उद्घाटनाला येतात चाळीस माणसं, म्हणजे निम्म्याहून जास्त लोक उभे. उभं असलेलं माणूस तीन मिनिटं मनापासून ऐकतं. चौथ्या मिनिटाला ते वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर टाकतं, पाचव्याला टेकायला भिंत शोधतं, आणि भिंतीचा रंग नेमका काल रात्रीचा असतो. तेव्हा भाषण तीन मिनिटांचंच. सावकाश, समजेल असं मराठी बोललं तर मिनिटाला साधारण 100 शब्द होतात, म्हणजे तीन मिनिटांत 300. पण लिहायचे 250च. उरलेले 50 टाळ्या, कुणाचा तरी वाजणारा फोन आणि खुर्चीवरून पडलेलं एखादं पोर यांच्यासाठी राखून ठेवावेत. आणि लिहिलेलं मोठ्यानं वाचून घड्याळ लावून बघावं. मनातल्या मनात वाचलेलं भाषण नेहमीच तीन मिनिटांत बसतं.

भाषण लांबतं ते ज्ञानामुळे नाही, आभारांमुळे. समजा मालकानं यादी केली आणि 23 नावं निघाली. एक नाव, त्याच्या आधीची उपाधी, मागचं पद आणि "यांचे मी मनःपूर्वक आभार मानतो" हे सगळं म्हणायला सहा सेकंद लागतात. 23 गुणिले 6 म्हणजे 138 सेकंद, सव्वादोन मिनिटांहून थोडी जास्तच. तीन मिनिटांत मग दवाखान्यासाठी उरली चाळीस-बेचाळीस सेकंदं. एवढ्यात "इथे दवाखाना आहे" इतकंच सांगून होतं, आणि ते बाहेरच्या पाटीवर लिहिलेलंच असतं.

बरं, 23 नावं घेऊन लोक खूश होतात असंही नाही. यादी जितकी लांब, तितका राहिलेल्या चोविसाव्याचा राग मोठा. तीनच नावं घेतली तर बाकीचे समजून घेतात, "थोडक्यात आटपलं." तेवीस घेतली तर चोविसावा म्हणतो, "रंगाऱ्याचं नाव घेतलं, माझं नाही."

म्हणून यादी हातात धरून प्रत्येक नावाला एकच प्रश्न विचारावा: हे माणूस नसतं तर आज फीत कापता आली असती का? ज्यानं जागा दिली, तो राहतो. ज्यांनी कर्ज दिलं किंवा मिळवून दिलं, ते राहतात. काल रात्री अकरापर्यंत वायरिंग करणारा इलेक्ट्रिशियन तर राहतोच, कारण आत्ता डोक्यावर जो दिवा लागलाय तो त्याचा. "या धंद्यात पडू नकोस" असा सल्ला देणारे काका मात्र या चाळणीत टिकत नाहीत. त्यांना चहाच्या वेळी वेगळं भेटावं. बाकीच्यांना कामानुसार गटात घ्यायचं: सुतार, रंगारी आणि प्लंबर मिळून एक वाक्य, शेजारी मिळून एक, घरचे मिळून एक. गटात घेतल्यानं कुणी रागावत नाही; रागावले तर सगळे सारखेच रागावतात, आणि त्याला समता म्हणता येतं.

आभार कशाबद्दल, हे मात्र सांगायला हवं. "मोलाचं सहकार्य" हा शब्द मी हद्दपार करीन. सहकार्य म्हणजे नेमकं काय केलं ते सांगितलं की तेवढ्याच सेकंदांत माणसाचा चेहरा उजळतो, आणि उरलेल्या एकोणचाळीस जणांनाही ऐकायला काहीतरी मिळतं.

आता दवाखान्याची खास अडचण. दुकानाच्या उद्घाटनाची सगळी तयार वाक्यं इथे उलटी फिरतात. "आपला असाच लोभ राहू द्या आणि वारंवार येत जा" हे कापडाच्या दुकानात शोभतं. दवाखान्यात तो शाप होतो. "आपल्या उदंड प्रतिसादानं आमची भरभराट होवो" यात तर गावभर तापाची साथ मागितल्यासारखं वाटतं. "रोज नवे चेहरे दिसोत" हेही नको. सोपी युक्ती अशी की येण्याचं आमंत्रण द्यायचंच नाही. गरज पडली तर आम्ही इथे आहोत, एवढंच म्हणायचं.

दुसरी अडचण म्हणजे उत्साह. "खात्रीचा इलाज", "शंभर टक्के गुण", "या भागातला सर्वात चांगला" हे शब्द टाळ्यांच्या भरात तोंडातून जातात. रोग बरा होण्याची हमी कुठल्याच प्रामाणिक डॉक्टरला देता येत नाही, आणि समोर डझनभर फोन चित्रण करत असतात. पुढे गुण न आलेला पेशंट तीच क्लिप घेऊन काउंटरवर उभा राहिला की काय बोलणार?

तिसरी सगळ्यात वाईट. भाषण रंगात आलं की मालकाला पहिल्या रांगेत जुने पेशंट दिसतात आणि प्रेम उचंबळून येतं. "हे आपले भाऊ, यांच्या मूळव्याधीपासून माझी सुरुवात झाली." भाऊ त्या क्षणी टाईल्स मोजायला लागतात. पेशंटचा आजार हे पेशंटचं गुपित. ते कौतुक म्हणूनही उघडं करायचं नाही, त्यांनी हसून मान डोलावली तरीही नाही.

मग सांगायचं काय? लोकांना घरी नेता येईल असं. दवाखाना कधी उघडा, कधी बंद, इथे काय होतं आणि काय होत नाही. वेळ दोनदा सांगावी, कारण पहिल्यांदा सांगताना निम्मे लोक हार कुठे ठेवायचा ते बघत असतात. आणि काय होत नाही हे सांगायला मालक कचरतात. शुभ दिवशी "छातीत दुखलं तर" कशाला, असं त्यांना वाटतं. मला विचाराल तर अख्ख्या भाषणातलं सर्वात उपयोगाचं वाक्य तेच. छोट्या दवाखान्यात रात्रीच्या खाटा नसतात, शस्त्रक्रिया होत नाही. छातीत जोराची कळ, अचानक तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, श्वास न पुरणं, यात मिनिटं मोजायची असतात. अशा पेशंटनं आपल्या दारात येऊन पुन्हा मोठ्या रुग्णालयाचा रस्ता धरला तर मधली वेळ वाया जाते.

हे सगळं बसवून भाषण असं होतं. "ज्यांनी" म्हटलंय तिथे खरी नावं घालावीत, आणि पाहुण्यांचं नाव व पद आदल्या दिवशी त्यांनाच फोन करून विचारून घ्यावं.

"नमस्कार. आपण वेळ काढून आलात, अनेकजण उभे आहात, म्हणून थोडक्यात बोलतो. हा दवाखाना सोमवारी सकाळी 9 वाजता सुरू होतोय. सोमवार ते शनिवार, सकाळी 9 ते 1 आणि संध्याकाळी 5 ते 8. रविवारी बंद. इथे रोजचे आजार, लहान मुलांची तपासणी, रक्तदाब आणि साखरेची नियमित तपासणी, जखमेवरचं ड्रेसिंग होईल. रात्री पेशंट ठेवायची सोय इथे नाही. छातीत जोरात दुखलं, तोंड वाकडं झालं, श्वास लागला, तर इथे थांबू नका. अँब्युलन्स बोलवा आणि थेट मोठ्या रुग्णालयात जा.

ही जागा ज्यांनी दिली त्यांनी पहिले दोन महिने भाड्याचा विषयसुद्धा काढला नाही. त्यांचा मी ऋणी आहे. कर्जाची कागदपत्रं चौथ्यांदा अपुरी निघाली तेव्हाही ज्यांनी मला परत पाठवलं नाही, त्यांचाही. इलेक्ट्रिशियन, सुतार, रंगारी आणि प्लंबर यांनी काल रात्री अकरापर्यंत काम केलं. आत्ता तुम्ही ज्या उजेडात उभे आहात तो त्यांचा आहे. महिनाभर ठोकाठोकी सहन केल्याबद्दल शेजाऱ्यांचे आभार. आणि घरच्यांचे, ज्यांनी वर्षभर जेवताना फक्त दवाखान्याच्या गप्पा ऐकल्या.

पुन्हा एकदा वेळ: सकाळी 9 ते 1, संध्याकाळी 5 ते 8, रविवारी बंद. पाहुण्यांना विनंती करतो, त्यांनी फीत कापावी. मग सगळ्यांनी आत येऊन दवाखाना बघावा."

इथे दोनशेच्या आत शब्द आहेत. नावं घातली की थोडे वाढतील, तरीही तीन मिनिटांच्या आत संपेल. शेवटचं वाक्य मुद्दाम तसं आहे: ते लोकांना पाय हलवायला सांगतं. "एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो" यानं कुणीच हलत नाही, कारण त्यानंतर आणखी तीनशे शब्द येतात हे सगळ्यांना अनुभवानं ठाऊक असतं.

भाषण तीन कार्डांवर, मोठ्या अक्षरात, एकाच बाजूला लिहावं आणि कार्डांना आकडे घालावेत. फोनवरून वाचू नये. स्क्रीन नेमकी "त्यांचा मी" पाशी काळी होते, किंवा कर्जवाल्यांचा फोन येतो. चाळीस माणसांच्या खोलीत माइक लागत नाही. आणलाच असेल तर स्पीकरचा खोका बोलणाऱ्याच्या पुढे, लोकांकडे तोंड करून ठेवावा. तो मागे ठेवला की त्याचा आवाज परत माइकमध्ये शिरतो आणि ती सुप्रसिद्ध किंचाळी निघते. घाबरून माइकचं डोकं मुठीत धरू नये, ती वाढते. आवाज कमी करावा किंवा खोक्यापासून दूर व्हावं. माइक तोंडापासून चार बोटं, किंचित बाजूला, म्हणजे "पेशंट" आणि "फीत" म्हणताना बंदुकीचे बार निघत नाहीत.

राहिली कात्री. गुळगुळीत रिबीन बोथट कात्रीत कापली न जाता दुमडते, आणि पाहुणे करवतीसारखी कात्री चालवत राहतात. त्याच रिबिनीचा तुकडा आदल्या दिवशी कापून बघावा.

फीत कापली की टाळ्या संपायच्या आत कुणीतरी शर्टाची बाही वर करतं. "डॉक्टर, सहज बघता का, हे इथे काय उठलंय?" त्याला हसून सोमवारी 9ला बोलवावं. त्यानं "रविवारी असता का?" असं विचारलं, तर वेळ तिसऱ्यांदा सांगावी. तो पहिल्या दोन्ही वेळा आपली बाहीच बघत होता.