केमोत सोलणारे तळपाय शेकू नका

“केमोच्या गोळ्यांनी तळहात-तळपाय लाल होऊन सोलत असतील तर कोमट-गरम मिठाच्या पाण्यात पाय शेकायचे. औषधाची उष्णता बाहेर पडते. गोळ्या मात्र चालूच ठेवायच्या.”

असा सल्ला कुणी दिला तर कृपया तसं करू नका. कॅपेसिटाबीनसारख्या गोळ्यांनी तळव्यांच्या त्वचेला इजा होते. शेकल्याने तिथला रक्तप्रवाह वाढतो आणि आग भडकते. उलट पाय दहा-पंधरा मिनिटं गार पाण्यात ठेवा, न चोळता टिपून कोरडे करा आणि जाडसर क्रीम लावा. दहा टक्के युरिया असलेलं क्रीम चांगलं, पण चिरलेल्या जागी ते झोंबतं. तिथे साधं व्हॅसलीन. सुटलेली साल ओढू नका, खालची कच्ची त्वचा उघडी पडते.

गोळ्यांचं म्हणाल तर, नुसत्या मुंग्या किंवा न दुखणारी लाली असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला. पण शर्टाचं बटण लावताना बोटं ठणकू लागली, टाच टेकवेना किंवा फोड आले, तर पुढची गोळी घेण्याआधी त्याच दिवशी फोन करा. अशा वेळी डॉक्टर बहुधा काही दिवस औषध थांबवतात, त्वचा निवली की गरजेनुसार डोस कमी करून पुन्हा सुरू करतात. राहिलेल्या गोळ्या नंतर भरून काढायच्या नसतात.