काकांनी कुजबुजले

संस्थेच्या स्मरणिकेसाठी दिलेला माझा परिच्छेद लाल शाईत न्हाऊन परत आला. समासात शेरा होता, ‘क्रियापदे अशक्त.’ संपादक गृहस्थ समोरच बसले होते. त्यांचा नियम एकच: क्रियापदाला क्रियाविशेषणाची कुबडी नको, एकच जोरदार क्रियापद लिहा.

मूळ मजकुराची सुरुवात अशी: ‘काका हळूहळू चालत दारापाशी आले. त्यांनी आत चोरून पाहिले आणि हळू आवाजात विचारले, “आहे का कोणी?” मावशींनी रागाने सांगितले, “झोपलेय मी!”’

“चोरून पाहिले कशाला? डोकावले लिहा,” ते म्हणाले. हे मला पटलं. ‘चोरून डोकावले’ म्हणून पाहिलं तर ‘चोरून’ फुकटचं वाटतं, म्हणजे नव्या क्रियापदाने जुनं क्रियाविशेषण गिळलंय. तिथेच थांबले असते तर मी त्यांचा ऋणी राहिलो असतो.

“आणि हळूहळू चालत आले म्हणजे रेंगाळले.”

“काकांचे गुडघे दुखतात हो. रेंगाळतो तो ज्याला पोचायचंच नसतं.”

“वाचकाला गुडघे कुठे दिसतात?”

“म्हणूनच तर हळूहळू लिहिलंय!”

त्यांनी ऐकलंच नाही. “हळू आवाजात विचारले, म्हणजे कुजबुजले,” असं म्हणून ते खुर्चीसकट सरकले आणि प्रात्यक्षिकासाठी थेट माझ्या कानात शिरले. “आहे का कोणी?” कान ओला झाला. मी रुमाल काढत म्हटलं, “तुम्हाला माझा कान मिळाला. काका रिकाम्या दारात उभे आहेत, ते कोणाच्या कानात कुजबुजणार?”

“मग पुटपुटले.”

“पुटपुटतो तो स्वतःशी. काकांना उत्तर हवंय.”

यावर त्यांनी मावशींकडे मोर्चा वळवला. “रागाने सांगितले, म्हणजे खेकसल्या!” आणि ते स्वतःच असे खेकसले की शिपाई पाणी घेऊन धावत आला. बिचाऱ्याला वाटलं, मलाच झापताहेत. तसं ते खरंही होतं. खेकसल्या मात्र बसतं, कारण मावशींचा राग मोठ्या आवाजातलाच होता. दात आवळून बोलल्या असत्या तर नसतं बसलं.

एवढ्यात त्यांची नजर खालच्या ओळीतल्या ‘ढसाढसा रडल्या’वर गेली. ढसाढसा कटाप! म्हटलं, मुसमुसणं, स्फुंदणं ही सगळी दाबलेली रडणी आहेत. मोकळ्या रडण्याला ढसाढसाच शोभतं. या नादशब्दांतच आपला सगळा जोर असतो. पण नियम म्हणजे नियम. ज्याने एकच नियम पाठ केलाय त्याच्याशी वाद घालण्यात माझी अर्धी सुट्टी गेली, तिची भरपाई कोण देणार?

स्मरणिका काल आली. साहेबांनी क्रियापदं बदलली, पण कर्त्याला हात लावला नाही. ‘विचारले’ला ‘ने-नी’ लागतो, ‘कुजबुजले’ला नाही, तिथे काकांनी नव्हे, नुसते काका हवेत. छापलंय: ‘काकांनी कुजबुजले. मावशींनी खेकसल्या.’ खाली माझं नाव, ठळक अक्षरांत. आणि मावशींनी पाच प्रती मागवल्यात.