तिशी, ताठरता आणि ‘टेन्शन’ नावाचं स्वस्त निदान

“तिशीत उठत नसेल किंवा मधेच बसत असेल तर घाबरू नका मित्रांनो, शंभर टक्के टेन्शन. या वयात शरीरात बिघाड नसतो. सकाळी उठतं ना? मग मशीन ओके, तपासण्यांवर पैसे घालवू नका. खात्री हवी तर एक गोळी घेऊन बघा, काम झालं म्हणजे सगळा मनाचा खेळ. आठ दिवस गावी या, समुद्राची हवा, ताजे मासे, सगळं जाग्यावर.”

किनाऱ्यावरच्या एका तालुक्याच्या गावात माझा दवाखाना आहे. हा मजकूर मोबाईलवर उघडून दाखवणारे पेशंट अधूनमधून येतात, गणपतीच्या आसपास जरा जास्त. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसावा. पण यातलं एकेक वाक्य धरून माणसं वर्ष-वर्ष घरी बसतात, म्हणून क्रमाने घेतो.

आधी वय. तिशीतल्या ताठरतेच्या तक्रारींत मनाचा वाटा मोठा असतो, हे खरं. पण शरीराचा वाटा शून्य असतो, हे खोटं. मिलानमधल्या डॉक्टरांनी २०१३ साली छापलेल्या अभ्यासात, ही तक्रार घेऊन पहिल्यांदा आलेल्या दर चार पुरुषांत एक चाळिशीच्या आतला होता, आणि त्या तरुणांपैकी जवळपास निम्म्यांची तक्रार तीव्र स्वरूपाची होती. आपल्याकडे मधुमेह लवकर गाठतो, तंबाखू त्याहून लवकर. सरकारी आरोग्य केंद्रात बीपी आणि साखरेची मोफत तपासणी तिशीपासून सुरू होते, ती उगाच नाही.

यामागचं कारण साधं आहे. लिंगाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या जेमतेम एक-दोन मिलिमीटर रुंद असतात, हृदयाच्या तीन-चार. साखर, तंबाखू आणि वाढलेला दाब रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर सगळीकडेच खराब करतात, पण आंब्याच्या बागेत ठिबकच्या टोकाची बारीक नळी आधी तुंबते तसं इथे आधी कळतं. छातीत दुखण्याच्या दोन ते पाच वर्षं आधी ही तक्रार सुरू झालेली पुष्कळ हृदयरुग्णांत आढळते. म्हणून तिशीतल्या माणसाला “काही नाही, टेन्शन” म्हणून परत पाठवणं मला पटत नाही.

एका पेशंटचं सांगतो, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून. वय ३४, मासेमारीच्या बोटीत भागीदारी, नव्या इंजिनाचं कर्ज डोक्यावर. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत बोट वर ओढलेली, हप्ते मात्र चालू. तक्रार वर्षभराची. आत आल्यावर आधी खोकला सांगितला, मग उठता उठता दारापाशी थांबून म्हणाला, “डॉक्टरांनू, ह्या मनाचा की अंगाचा, तेवढा सांगा.”

कर्ज आहे म्हणजे टेन्शन, असं त्याने स्वतःच ठरवलं होतं. मी विचारलं ते वेगळंच. एका दिवसात सुरू झालं की हळूहळू? हळूहळू. फक्त बायकोबरोबर, की एकट्यानेही तसंच? दोन्हीकडे तसंच. इच्छा आहे का? आहे. सकाळी? “येता, पण पूर्वीसारखा नाय.” एवढ्या चार उत्तरांत माझा कल शरीराकडे झुकला. मनाची तक्रार बहुधा अचानक सुरू होते, जागा-वेळ-माणूस बघून येते आणि एकांतात गायब होते. शरीराची सगळीकडे सारखी असते आणि हळूहळू वाढते. हा नियम पक्का नाही, पण सुरुवात करायला पुरतो.

कंबर ९८ सेंटीमीटर निघाली. आपल्या लोकांसाठी ९० च्या आत हवी. दाब १४८/९४. वडिलांना साखर. गालात सकाळपासून तंबाखू-चुना. उपाशीपोटी साखर १५२ आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारं एचबीएवनसी ७.६. मधुमेह ठरायला हे आकडे १२६ आणि ६.५ पुरतात. चौतिसाव्या वर्षी त्याला मधुमेह होता आणि त्याचा पत्ता लागला तो या तक्रारीमुळे. मजकूर वाचून गप्प बसला असता तर पुढची खबर डोळ्याने, पायाने किंवा हृदयाने दिली असती.

आता सकाळचा पुरावा. यात तथ्य आहे, म्हणूनच तो नीट समजून घ्यावा. झोपेत स्वप्नांच्या टप्प्यात रात्रीतून तीन ते पाच वेळा ताठरता येते आणि शेवटच्या टप्प्यात जाग आली तर ती आपल्याला दिसते. ती भरपूर कडक असेल आणि काही मिनिटं टिकत असेल, तर नसा आणि रक्तवाहिन्या बऱ्यापैकी शाबूत आहेत असं मी मानतो. पण प्रश्न “येते का” एवढाच विचारून भागत नाही, “पूर्वीइतकी कडक आहे का” हे विचारावं लागतं. सुरुवातीच्या मधुमेहात ती येत राहते, फक्त नरम पडते. त्या बोटवाल्याचं हेच झालं होतं.

उलटही होतं. पहाटे तीनला बोटीवर जाणारा, रात्रपाळीचा कामगार, घोरता घोरता श्वास अडकणारा, उदास झालेला माणूस, यांची स्वप्नांची झोपच तुटते. त्यांना सकाळी काही दिसलं नाही म्हणून रक्तवाहिन्या गेल्या असं होत नाही. सुट्टीच्या दिवशी, गजर न लावता, पुरती झोप झाल्यावर काय दिसतं ते बघावं. अर्थात घोरण्यामुळे झोप मोडत असेल तर तिचा इलाज वेगळा करावाच लागतो.

गोळीची परीक्षा तर मुळातच चुकीची. ताठरतेसाठी नसांच्या टोकांतून नायट्रिक ऑक्साइड सुटतो, त्यातून एक निरोप्या रसायन तयार होतं आणि ते लिंगातले स्नायू सैल करून रक्त आत घेतं. ही गोळी, म्हणजे सिल्डेनाफिल, त्या रसायनाचं विघटन करणाऱ्या एन्झाइमला अडवते. निरोप कमी पडला तो घाबरल्यामुळे की साखरेमुळे, हे गोळीला कळत नाही. दोघांवरही ती चालते. म्हणजे काम झालं म्हणून मनाचं ठरत नाही, आणि नाही झालं म्हणून शरीराचंही ठरत नाही. पहिल्या वेळी ती फसते ती बहुतेकदा घेण्याच्या पद्धतीमुळे. भरपेट तळलेलं जेवण, वर दोन पेग, आणि गोळी घेऊन दहा मिनिटांत निकालाची वाट. ती रिकाम्या किंवा हलक्या पोटी, साधारण तासभर आधी घ्यायची असते आणि मनात उत्तेजना नसेल तर ती काहीच करत नाही.

त्यात एक जीवघेणी गोष्ट या मजकुरात साफ गाळली आहे. छातीत दुखतं म्हणून जिभेखाली सॉर्बिट्रेट किंवा तसली नायट्रेट घेणाऱ्याने ही गोळी घेतली तर दाब धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकतो. ही चिठ्ठीवरची गोळी आहे, मित्राच्या पाकिटातली नाही. आणि “वनौषधी” म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत हेच रसायन न सांगता मिसळलेलं अनेकदा सापडतं. एसटी स्टँडच्या मुतारीत ताकद वाढवण्याच्या ज्या जाहिराती चिकटवलेल्या दिसतात, त्यांना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. भिंतीला कायदा वाचता येत नाही एवढंच.

“मनाचा खेळ” या शब्दांवरही माझा आक्षेप आहे. भीती वाटली की अ‍ॅड्रेनलिन सुटतं आणि ते लिंगातले स्नायू आवळतं. आत आलेलं रक्त टिकत नाही. हे सगळं शरीरातच घडतं, माणूस नाटक करत नसतो. मुंबईत रात्रपाळी करणारा एक एकतीस वर्षांचा चाकरमानी गणपतीला आला. बायको गावी, भेट महिन्यांनी, घर पाहुण्यांनी भरलेलं, पलीकडच्या खोलीत आई जागी. पहिल्या रात्री जमलं नाही आणि दुसऱ्या रात्रीपासून तो स्वतःवर पहारा ठेवूनच झोपायला जायला लागला. एकटा असताना सगळं ठीक. शहरात परत गेल्यावर त्याने घाईने डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी, करून घेतला आणि रिपोर्टवर “शिरांतून रक्त निसटतं” असा शेरा घेऊन ऑपरेशनची चौकशी करायला लागला.

लिंगाचा डॉपलर इंजेक्शन देऊन करतात. सुई, अनोळखी खोली, लाज, या सगळ्याने अ‍ॅड्रेनलिन चढलेलं असतं आणि निरोगी तरुणातही गळती असल्यासारखं चित्र दिसतं. युरॉलॉजिस्टने शांत खोलीत, पुन्हा डोस देऊन तपासणी केली तेव्हा गळती नव्हती. त्याचा इलाज ऑपरेशन नव्हे, तर काही आठवडे संभोग ठरवूनच बंद ठेवायचा आणि दोघांनी फक्त स्पर्शापुरतं जवळ राहायचं, हा होता. परीक्षाच रद्द झाली की पहारा सुटतो. सोबत थोडे दिवस गोळी दिली तरी हरकत नसते.

आठ दिवस गावी येण्याच्या सल्ल्याचं इथेच उत्तर मिळतं. या चाकरमान्यासाठी ते आठ दिवसच परीक्षा होती. बोटवाला तर बाराही महिने समुद्राच्या हवेतच असतो, मासेही रोज खातो.

त्याच्या तंबाखूवर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला. साखरेला मेटफॉर्मिन, दाबाला टेल्मिसार्टन दिली, कारण दाबाची काही जुनी औषधं ताठरता आणखी कमी करतात. त्यामुळे आधीपासून औषध चालू असेल तर ते मनाने बंद न करता डॉक्टरांना विचारून बदलून घ्यावं. नैराश्याच्या औषधांचंही तेच. लागेल तेव्हा सिल्डेनाफिल ५०, हृदयाची चौकशी आणि ईसीजी झाल्यावरच. पाच महिन्यांनी एचबीएवनसी ६.७ वर आलं, सकाळ पुन्हा कडक झाली, गोळी मात्र कधीकधी लागतेच. कर्ज अजून आहे. ते मी कधीच बाद केलं नव्हतं. साखरेच्या जोडीला त्याचाही भार होता, आणि बायकोला सोबत बोलावून बोलल्यावर तो भार जरा उतरला.

टेस्टोस्टेरॉनची तपासणी त्याने बाहेरून आधीच करून घेतली होती, दुपारी जेवल्यावर, आकडा आला २६०. लॅबवाल्याने इंजेक्शन सुचवलं. हे संप्रेरक सकाळी सर्वात जास्त असतं, म्हणून रक्त सकाळी अकराच्या आत, उपाशीपोटी द्यायचं आणि कमी आलं तर दुसऱ्या दिवशी परत बघायचं. त्याचं सकाळचं ४१० आलं, म्हणजे इंजेक्शनची गरजच नव्हती. खरंच कमी असेल तेव्हा बहुधा इच्छाच मरते, आणि त्याचं कारण शोधावं लागतं. गरज नसताना बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं तर वृषणांतलं शुक्राणूंचं उत्पादन थांबू शकतं आणि ते परत सुरू व्हायला महिने लागतात. त्या जोडप्याला दुसरं मूल हवं होतं.