संबंधित पक्षांची टीप खरोखर वगळण्याजोगी आहे का?

“रिलेटेड पार्टीच्या टिपेत वेळ घालवू नका. रक्कम विक्रीच्या मानाने किरकोळ असते, व्यवहार बाजारभावाने झाल्याचे तिथेच लिहिलेले असते, ऑडिटरची सही असते, आणि समूहातले व्यवहार एकत्रित ताळेबंदात तसेही वजा होतात.”

हा सल्ला वार्षिक अहवालातल्या ज्या टिपेबद्दल आहे, तिच्यात कंपनीचे मालक, त्यांचे नातेवाईक आणि त्यांच्या फर्म अशा संबंधित पक्षांशी झालेले व्यवहार दिलेले असतात. सल्ल्यातल्या शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण त्यात मूळ गैरसमज आहे. एकत्रित ताळेबंदात वजा होतात ते कंपनी आणि तिच्या उपकंपन्या यांच्यातले व्यवहार. मालक कुटुंबाने कंपनीच्या बाहेर, स्वतःच्या नावावर ठेवलेली फर्म ही कंपनीची उपकंपनी नसते, त्यामुळे तिच्याशी झालेली विक्री, भाडे, कर्ज किंवा हमी कशातच वजा होत नाही. म्हणूनच वार्षिक अहवालातले एकत्रित विवरण उघडावे आणि त्यातलीच टीप वाचावी. तिथे जे उरले आहे ते बहुतांशी मालकांच्या बाजूचे असते.

आता ‘किरकोळ रक्कम’. हा शब्द कोणत्या आकड्याच्या तुलनेत वापरला आहे, यावर सगळे अवलंबून आहे. एक काल्पनिक कंपनी घेऊ. तिची विक्री गेल्या वर्षी ९०० कोटी होती, यंदा १,००० कोटी झाली आणि करपूर्व नफा ७० कोटी आहे. टिपेत मालकाच्या भावाच्या ताब्यातील एका वितरक फर्मला केलेली विक्री गेल्या वर्षी ३० कोटी आणि यंदा ८० कोटी दाखवली आहे. म्हणजे एकूण विक्रीच्या फक्त ८ टक्के, आणि इथेच बहुतेक वाचक पान उलटतात. परंतु विक्रीतली वाढ १०० कोटींची आहे आणि तिच्यातले ५० कोटी याच एका फर्मकडून आले आहेत. ती बाजूला काढली तर बाकीची विक्री ८७० वरून ९२० कोटींवर गेली, म्हणजे जाहीर झालेली ११ टक्क्यांची वाढ प्रत्यक्षात ६ टक्क्यांच्याही आत येते.

त्याच टिपेत खाली, वर्षअखेरच्या शिलकांच्या तक्त्यात, या फर्मकडून येणे गेल्या वर्षी ५ कोटी आणि यंदा ६० कोटी आहे. सुरुवातीचे ५ आणि वर्षभराची विक्री ८० मिळून ८५ कोटी होतात, आणि त्यातून अखेरचे ६० वजा केले तर वर्षभरात वसूल झाले फक्त २५ कोटी. दिवसांत मोजायचे तर ६० भागिले ८०, गुणिले ३६५, म्हणजे सुमारे २७४ दिवसांची उधारी. कंपनीचे एकूण येणे २०० कोटी धरले तर इतर ग्राहकांकडून १४० कोटी येणे आहे, आणि त्यांच्या ९२० कोटींच्या विक्रीवर ती उधारी साधारण ५६ दिवसांची ठरते. मालकाच्या नातेवाइकाला नऊ महिने आणि परक्याला दोन महिन्यांच्या आत, हा फरक ८ टक्के या आकड्यात कुठेही दिसत नाही.

इथे एक सावधगिरी हवी. फर्मला झालेली विक्री बहुतांशी शेवटच्या तिमाहीतली असेल, तर ६० कोटींची शिल्लक नेहमीच्या उधारीतही बसू शकते. याचा उलगडा पुढच्या वर्षीच्या टिपेत होतो: पैसे आले असतील तर शिलकेचा मोठा भाग उतरलेला दिसेल. न उतरता ती वाढली, किंवा तिच्यासाठी बुडीत येण्याची तरतूद दिसू लागली, तर माल खपला की फक्त फर्मच्या गोदामात सरकला, हा प्रश्न रास्त ठरतो.

शिल्लक शून्य दिसली तरी व्यवहार झालेच नाहीत असे समजू नये. समजा, मालकाच्या दुसऱ्या फर्मला वर्षात ३०० कोटींचे कर्ज दिले, ३०० परत आले आणि अखेरची शिल्लक शून्य आहे. व्याजाची ओळ पाहा. व्याज फक्त ३ कोटी असेल आणि कंपनी स्वतः ९ टक्क्यांनी कर्ज घेत असेल, तर तेवढ्या दराने वर्षभराची सरासरी शिल्लक सुमारे ३३ कोटी येते, म्हणजे ३०० कोटी साधारण ४० दिवसच बाहेर होते. ते त्याहून जास्त दिवस बाहेर असतील, तर दर फारच सवलतीचा होता. मला यापेक्षा हिशेब बंद होण्याची तारीख जास्त खटकते: त्या दिवशी शिल्लक शून्य करून दुसऱ्या दिवशी पैसे पुन्हा बाहेर काढता येतात. म्हणून शिलकेबरोबर वर्षभरात दिलेल्या आणि परत आलेल्या रकमाही वाचाव्यात.

‘बाजारभावाने’ या वाक्याबद्दल. आंतरराष्ट्रीय लेखामानक आयएएस २४ नुसार व्यवहार परक्यांशी होतात तशाच अटींवर झाले असे विधान कंपनीने तेव्हाच करावे, जेव्हा ते सिद्ध करता येईल. परंतु टिपेत पुरावा छापला जात नाही, वाक्य छापले जाते. शिवाय भाव बाजाराचा असूनही उधारीची मुदत बाजाराची नसेल, हे वरच्या उदाहरणात दिसलेच. एन्रॉनच्या २००० सालच्या वार्षिक अहवालात १६व्या टिपेत लिहिले होते की ज्या भागीदारी संस्थांशी व्यवहार झाले, त्यांच्या मुख्य भागीदाराचा व्यवस्थापकीय सदस्य कंपनीचाच एक वरिष्ठ अधिकारी आहे, आणि अटी परक्यांशी ठरल्या असत्या त्यांच्या तुलनेत वाजवी आहेत. त्या अधिकाऱ्याचे नाव दिले नव्हते. तो कंपनीचा मुख्य वित्त अधिकारी अँड्र्यू फास्टो होता. डिसेंबर २००१ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. दुवा छापील पानावर होता, आणि त्याच्या शेजारी धीर देणारे वाक्यही होते.

ऑडिटरच्या सहीबद्दल थोडक्यात. संबंधित पक्षांशी झालेले व्यवहार नियमाप्रमाणे उघड केले आहेत का, आणि त्यांमुळे हिशेबाचे चित्र बिघडते का, हे तो पाहतो. तो सौदा कंपनीच्या भागधारकांच्या हिताचा होता की नाही, असे मत तो देत नाही.

या टिपेलाही मर्यादा आहेत. केवळ एक संचालक सामाईक आहे म्हणून दोन कंपन्या संबंधित ठरत नाहीत, आणि केवळ मोठा ग्राहक किंवा पुरवठादार म्हणूनही नाही. मित्राच्या नावावरची फर्म, किंवा मध्ये तिसरी फर्म घालून फिरवलेला पैसा, यादीत येणारच नाही. म्हणून मी टीप एकटी वाचत नाही. सलग तीन-चार वर्षांच्या याद्या शेजारी ठेवतो आणि कोणते नाव आले, कोणते गळले, हे पाहतो. एखाद्या फर्मकडून मोठे येणे बाकी असताना तिचे नाव पुढच्या वर्षी यादीतून नाहीसे झाले, तर नाते खरेच संपले की फक्त भागभांडवल दुसऱ्याच्या नावावर गेले, हे कंपनी नोंदणीच्या कागदांत शोधतो: पत्ता तोच आहे का, सही करणारा तोच आहे का. आणि ते ६० कोटी आता ‘इतर येणी’ या ओळीत जाऊन बसले आहेत का, हेही त्याच बैठकीत तपासतो.