पत्रिकेला एसएमएस कशाला लागतात?

तुळशीची लग्नं लागली की कोल्हापुरात पत्रिका सुरू. हल्ली त्या मोबाईलवरच येतात, त्यात वावगं काही नाही. पण पत्रिका म्हणजे फोटो, पीडीएफ, फार तर व्हिडिओ. भावकीच्या ग्रुपवर काकांच्या नंबरवरून ‘लग्नपत्रिका.apk’ आली, तर ते ॲप आहे. दिवाळीत त्याचंच ‘साडी ऑफर.apk’ होतं. नंबर ओळखीचा आहे यावर जाऊ नका. काकांचं व्हॉट्सॲप आधीच दुसऱ्याच्या हातात गेलेलं असू शकतं.

फाईल नुसती डाऊनलोड झाली म्हणून काही बिघडत नाही. उघडली की अँड्रॉइड आधी अडवतो आणि Install unknown apps ची परवानगी मागतो. माणूस घाईत तीही देतो. प्ले प्रोटेक्टनं इशारा दिला तरी पुढं रेटतो. मग ॲप एसएमएस वाचायची आणि पाठवायची परवानगी मागतं. मुहूर्त बघायला माझे मेसेज कशाला पाहिजेत, हे इथंच खटकायला हवं. Allow दाबलं की बऱ्याचदा कोरी स्क्रीन येते, आयकॉन गायब होतो, आणि ‘फाईल खराब असेल’ म्हणून आपण विसरून जातो.

पुढं पैसे गेल्यावर माणूस म्हणतो, “मी ओटीपी कुणालाच सांगितला नाही.” खोटं बोलत नसतो तो. आलेला ओटीपी ते ॲप परस्पर चोराकडं पाठवतं. त्याहून वाईट म्हणजे यूपीआय. नवीन फोनवर यूपीआय चालू करताना त्या फोनमधून बँकेकडं एक एसएमएस जातो. सिम त्याच फोनमध्ये आहे, एवढीच त्यातनं खात्री करायची असते. चोर त्याच्या फोनवरचा तो मजकूर तुमच्या फोनमधल्या ॲपला देतो, मेसेज तुमच्या सिमवरून जातो आणि बँकेला वाटतं तुम्हीच नवा फोन घेतला. मग कार्डाची माहिती आणि ओटीपी मिळाला की पिनही नवा.

म्हणून चुकून इन्स्टॉल झालंच, तर ॲप शोधत बसू नका. आधी सिम काढा, वायफाय बंद करा. तेच सिम घरातल्या साध्या बटणाच्या फोनमध्ये घाला, म्हणजे ओटीपी तुमच्याच हातात येतील. त्या फोनवरून बँकेला कॉल करून यूपीआय, नेटबँकिंग, कार्ड बंद करा. पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला कॉल करा. व्यवहार क्रमांक, रक्कम, वेळ हाताशी ठेवा. कॉल दुसरीकडं वळवले असतील म्हणून `##002#` डायल करा.

नुसतं ॲप काढून भागत नाही, कारण चोराच्या फोनवर जोडलेलं यूपीआय तसंच राहतं. स्मार्टफोनमधलं महत्त्वाचं तेवढं काढून घ्या आणि तो फॅक्टरी रीसेट करा. पण त्याआधी मेसेजचा नंबर आणि वेळ दिसेल असा स्क्रीनचा फोटो दुसऱ्या फोनवरून काढून ठेवा, तक्रारीला लागतो. ग्रुपला सावध करताना तोच फोटो टाका. काही जण “ही फाईल उघडू नका” असं लिहून फाईलच पुढं पाठवतात, आणि चार जण ती उघडतात.