शाळेचं पत्र आणि बारा आकडी नंबर

परवा पोराच्या दप्तरातून शाळेचं पत्र निघालं, डब्याच्या तेलानं अर्धं माखलेलं. मुख्याध्यापक सरांनी लिहिलंय की यापुढे रजा आणि फीचं जे काही असेल ते शाळेच्या एकाच अधिकृत ईमेलवर पाठवा, वर्गशिक्षकांच्या व्हॉट्सॲपवर नको. पालकांमध्ये लगेच "आता हे काय नवीन भो" सुरू झालं. फीपुरता मी सरांच्या बाजूने आहे, कारण मागच्या वर्षी मी स्वतः पोळलोय.

दुसरा हप्ता ६,५०० रुपयांचा. केळीचे पैसे व्यापाऱ्याकडे अडकलेले, म्हणून रावेरच्या मेव्हण्याने त्याच्या फोनवरून भरले. त्याने स्क्रीनशॉट पाठवला, तो मी मॅडमना पुढे ढकलला आणि विसरलो. महिन्याने फी थकल्याची चिठ्ठी घरी! ऑफिसात गेलो तर क्लार्क भाऊंनी बँकेचं स्टेटमेंटच समोर ठेवलं. त्या दिवशी ६,५०० च्या तीन नोंदी, हप्ता सगळ्यांचा सारखाच ना. पोराचं नाव त्यात कुठेच नाही. दिसतं ते पैसे पाठवणाऱ्याचं नाव आणि १२ आकडी यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा बँकेतला नंबर. माझ्या स्क्रीनशॉटात हिरवी खूण होती, रक्कम होती, पण नंबरची ओळ मेव्हण्याने कापलेली. मेव्हण्याला फोन लावला, तर त्याने आधी ॲपचा स्वतःचा आयडी सांगितला. तो वेगळा असतो. यूटीआर सांगितला तेव्हा कुठे नोंद जुळली.

म्हणून मेलमध्ये पोराचं पूर्ण नाव, वर्ग-तुकडी, जनरल रजिस्टर नंबर, भरल्याची तारीख, पैसे कोणाच्या खात्यातून गेले ते आणि यूटीआर टाइप करून लिहा. नुसता फोटो नको. टाइप केलेला नंबर क्लार्कला कॉपी करून स्टेटमेंटमध्ये शोधता येतो. आणि उत्तर आलं नाही तर नवा मेल न करता त्याच मेलला रिप्लाय करा, मागचं सगळं एकाखाली एक राहतं.

रजेचं मात्र मला पटलेलं नाही. पहाटे पोराला ताप भरला आणि मी मेल केला, तर ऑफिसचा कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत वर्गात हजेरी होऊन गेलेली असणार. दुसरं म्हणजे, आमच्याकडे बापाच्या फोनमधलं जीमेल पोरानेच उघडून दिलेलं असतं, पासवर्डही त्यालाच पाठ. "माझ्या पाल्यास पोटदुखीचा त्रास होत असल्याने" हा मेल नववीतलं पोरगं स्वतःच लिहील, तोही बापापेक्षा शुद्ध मराठीत! आणि ज्या घरात आजीच पोरांना सांभाळते, आई-बाप कामाला बाहेरगावी, तिथे मेल करणार कोण?

मी त्याच पत्त्यावर सरांना लिहिलंय: रजेचा मेल आला की प्रवेश अर्जावरच्या नंबरवर एक फोन करा, आणि आजीची हातची चिठ्ठी बंद करू नका. मेलच्या विषयात पोराचं नाव आणि तुकडी टाकली आहे. काल क्लार्क भाऊंचा रिप्लाय आला, "जनरल रजिस्टर नंबर लिहायचा राहिला."