इतिवृत्तावर हरकत आली म्हणून पहिली फाइल उडवू नका

सोसायटीच्या सर्वसाधारण सभेचा मसुदा ग्रुपवर पडतो आणि तासाभरात कोणीतरी लिहितं, "असं ठरलंच नव्हतं." सेक्रेटरी घाबरून फाइल डिलीट करतात आणि सुधारलेली फाइल त्याच नावाने टाकतात. खरं भांडण इथून पेटतं. निम्म्या लोकांनी पहिली फाइल उतरवून घेतलेली असते आणि आता प्रत्येकजण आपल्याकडचीच खरी म्हणतो.

आदर्श उपविधींमध्ये याची वाट आखून दिलेली आहे. मसुदा सभासदांना दिल्यापासून 15 दिवसांत त्यांनी सेक्रेटरींकडे निरीक्षणं कळवायची, आणि कमिटीने पुढच्या बैठकीत ती विचारात घेऊन इतिवृत्त अंतिम करायचं. म्हणजे सेक्रेटरींनी एकट्याने, रात्री अकरा वाजता फाइल बदलायचा प्रश्नच नाही. हरकत लेखी मागवा: कुठला विषय, कुठलं वाक्य, त्याऐवजी काय हवं. "सगळंच चुकीचं लिहिलंय" ही हरकत नव्हे.

समजा, विषय 4 मध्ये लिहिलंय: "टेरेस वॉटरप्रूफिंगचा 8,40,000 रुपयांचा खर्च सर्वानुमते मंजूर." एका काकांच्या तीन हरकती आहेत. एक, माझा विरोध होता. दोन, 10 टक्के रक्कम एक पावसाळा बघून द्यायचं ठरलं होतं. तीन, हा ठेकेदारच नको.

आता सभेतली कच्ची वही काढा. वहीत बाजूने 36, विरोधात 5 हात असतील, तर पहिली हरकत सरळ मान्य: "सर्वानुमते" खोडून "बहुमताने (36 विरुद्ध 5)". दुसरीबाबत वहीत "10 टक्के रोखणे, सूचना" एवढंच आहे आणि ती मताला टाकलेली नाही. मग ती सूचना म्हणून नोंदवा, ठरावाची अट म्हणून नाही. या फरकावर 84,000 रुपये अडकलेत, त्यामुळे इथे भिडेखातर शब्द ढिला सोडू नये. तिसरी मुळात दुरुस्तीच नाही. निर्णय पटला नाही तर तो पुढच्या सभेत विषय म्हणून आणावा, इतिवृत्तातून मागच्या दाराने नाही.

कमिटीने हे ठरवल्यावर नवी फाइल नव्या नावाने द्या: `Sabha_Masuda2.pdf`. पहिली तशीच राहू द्या, फक्त "मसुदा 1 रद्द, मसुदा 2 पाहा" असं तिच्या मेसेजला उत्तर म्हणून लिहा. मसुदा 2 च्या पहिल्याच पानावर बदलाची नोंद हवी:

"विषय 4, वाक्य 1. आधी: सर्वानुमते. आता: बहुमताने (36 विरुद्ध 5). आधार: सभेतील मोजणी. वाक्य 2 नव्याने: 10 टक्के रक्कम रोखण्याची सूचना आली, मतदान झाले नाही. न स्वीकारलेली हरकत: ठेकेदार बदलणे, कारण: सभेत तसा ठराव नाही."

न स्वीकारलेली हरकत लिहायचा बऱ्याच कमिट्यांना कंटाळा येतो. पण तीच ओळ नसली की काका उपनिबंधकांकडे "माझं ऐकूनच घेतलं नाही" म्हणून अर्ज करतात.

वहीत हाताने लिहीत असाल तर व्हाइटनर नको. एकच आडवी रेघ, जुना शब्द वाचता आला पाहिजे, शेजारी सही आणि तारीख. आणि इतिवृत्त अंतिम होऊन सह्या झाल्यावर चूक सापडली, तर त्या पानाला हात लावू नका. पुढच्या सभेत दुरुस्तीचा ठराव घ्या आणि जुन्या पानाच्या समासात फक्त त्या ठरावाचा क्रमांक टाका.